तक्ता वाढवू नकोस, अर्धा कर

*मॅडम, मी तासगाव तालुक्यातली. सांगलीत खोली घेऊन बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी करते. खोलीच्या भिंतीवर १/२ पासून १/३० पर्यंतचा टक्केवारीचा तक्ता आणि १ ते ५० चे वर्ग लावलेत. तीन महिने रोज सकाळी म्हणते. मैत्रिणीनं विचारलं तर न अडखळता सांगते. पण मॉकला बसलं की समोर ३७.५ टक्के दिसले तरी हात गुणाकारच मांडतो आणि ३५ पैकी १७-१८ गणितंच होतात. तक्ता ४० पर्यंत वाढवू का? की माझं पाठांतरच कच्चं आहे? कालच्या मॉकच्या कच्च्या कामाच्या कागदाचा फोटो सोबत पाठवते.*

*– एक वाचक, मुक्काम सांगली*

वाढवू नकोस. १६ च्या पुढचा बहुतेक भाग कात्रीनं कापून टाक. पाठांतर तुझं चांगलं आहे, पण ते एकाच दिशेनं झालंय. सकाळी तू म्हणतेस, 'एक सप्तमांश, चौदा पॉइंट अठ्ठावीस. एक अष्टमांश, साडेबारा.' म्हणजे अपूर्णांकाकडून टक्क्याकडे, आणि तेही ओळीनं. पेपरात बरोबर उलटं होतं. टक्के समोर येतात, तेही कुठूनही मधूनच, आणि अपूर्णांक आपल्याला शोधायचा असतो. पाढा वरून खाली म्हणता येणाऱ्या मुलाला 'छप्पन्न कुणाच्या पाढ्यात येतात?' असं विचारलं की तो सात एके सातपासून सुरू करतो, तसंच हे.

फोटो मी मोठा करून नीट पाहिला. तीन जागी माझी नजर थांबली, त्या तीन जागांवरूनच सांगते.

पहिली जागा. ६४० चे ३७.५ टक्के. तू ६४० गुणिले ३७५ असा उभा गुणाकार मांडलास, २४०००० आणलंस, मग शून्यं खोडून दशांश चिन्ह सरकवलंस आणि २४० लिहिलंस. उत्तर बरोबर आहे. पण ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश. ६४० चा आठवा भाग ८०, त्याची तिप्पट २४०. यात कागदाला पेन लावायचीही गरज नव्हती. प्राथमिक परीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद. त्यातले निम्मे तुझे त्या उभ्या गुणाकारानं खाल्ले.

दुसरी जागा जास्त बोलकी आहे. ४८० चे ६.२५ टक्के काढताना तू ८० लिहिलंयस. म्हणजे अपूर्णांक आठवायचा प्रयत्न केलास, पण १/१६ च्या जागी १/६ आठवला. ही चूक मी दर वर्षी डझनभर मुलांच्या कागदावर बघते, कारण ६ आणि १६, ६.२५ आणि १६.६७ हे आकडे एकमेकांसारखे दिसतात. यावर उपाय जास्त घोकण्याचा नाही. तक्ता कसा बनलाय ते एकदा बघितलं की ही गफलत होत नाही.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत छेद आणि टक्के यांचा गुणाकार १०० असतो. बस, एवढाच सगळा तक्ता आहे. आठ गुणिले साडेबारा, शंभर. सोळा गुणिले सव्वासहा, शंभर. मग दहा हा या तक्त्याचा आरसा झाला, कारण दहा दाहे शंभर. दहाच्या अलीकडची प्रत्येक जोडी पलीकडे उलटी होऊन दिसते:

| छेद | टक्के | आरशातला छेद | त्याचे टक्के |
|---|---|---|---|
| ४ | २५ | २५ | ४ |
| ५ | २० | २० | ५ |
| ६ | १६.६७ | १६ | ६.२५ |
| ७ | १४.२८ | १४ | ७.१४ |
| ८ | १२.५ | १२ | ८.३३ |
| ९ | ११.११ | ११ | ९.०९ |

सहाचे टक्के सोळा आणि थोडे वर, म्हणून सोळाचे टक्के सहा आणि थोडे वर. सातचे चौदा आणि थोडे, म्हणून चौदाचे सात आणि थोडे. आठचे साडेबारा, तर बाराचे आठ आणि थोडे. डावी बाजू पक्की असेल तर उजवी बाजू पाठ करावी लागत नाही, ती समोर उभी राहते. यात १/२, १/३ आणि १/१० तुला येतातच. मधे राहिले १३ आणि १५. पंधराचे ६.६७, कारण पंधरा गुणिले सहा नव्वद आणि उरलेल्या दहाचे पंधरात दोन तृतीयांश. तेराचे ७.६९ मात्र सरळ पाठ कर, त्याला दुसरी वाट नाही. १६ च्या पुढे २०, २५ आणि ४० (अडीच टक्के) एवढे ठेव. १७, १९, २३, २९ यांचे दशांश पाठ करण्यात तुझी सकाळ जाते आणि पेपरात ते अगदी क्वचित भेटतात.

आणि ४८० चं उत्तर ८० आलं तेव्हा एक ठोका मनात पडायला हवा होता. ४८० चे दहा टक्के ४८. सव्वासहा टक्के म्हणजे त्याहून कमी. मग ८० येईलच कसं? दहा टक्क्यांशी ही ताडणी प्रत्येक गणितात करायची, तिला एक सेकंदही लागत नाही.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होते. तिथले म्हातारे दिवाणजी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सगळे पाढे शिकून आलेले. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, पण त्यांच्या तोंडून आणा गेला नाही. सव्वासहा टक्के म्हटलं की ते म्हणायचे, 'रुपयाला आणा.' साडेबारा म्हणजे दोन आणे, साडेसदतीस म्हणजे सहा आणे, साडेबासष्ट म्हणजे दहा आणे, साडेसत्त्याऐंशी म्हणजे चौदा आणे. रुपयाचे आणे सोळा, म्हणून १/१६ चं हे सगळं घराणं त्यांच्या जिभेवर होतं. तूही आण्यात विचार करून बघ. सहा आणे म्हणजे सोळात सहा, म्हणजे आठात तीन. ३७.५ ला ३/८ म्हणणं मग आठवावं लागत नाही. आपल्या भाषेतली पाव, सव्वा, दीड, पाऊण ही मापं याच कामासाठी घडलेली आहेत आणि आपण ती सोडून पॉइंट पंचवीस, पॉइंट पंचाहत्तर करत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सातचं घराणं वेगळं. १४, २८, ४२ इथपर्यंत चौदाचा पाढा. पुढे ५६ च्या जागी ५७, ७० च्या जागी ७१, ८४ च्या जागी ८५, कारण प्रत्येक वेळी मागे उरणारे २/७ साठत जाऊन एक पूर्ण होतो. म्हणून ५७ आणि थोडे म्हणजे ४/७, ७१ आणि थोडे म्हणजे ५/७. नऊचं घराणं ११.११ च्या पटीत, अकराचं ९.०९ च्या पटीत, तिथे काही अडत नाही.

आता ओळखायचं कसं, ते सांगते, कारण खरी अडचण तिथे आहे. पेपरात बहुतेक वेळा ४२.८५ असं येत नाही, ४२ ६/७ टक्के असं येतं. मुलं तो मोठा आकडा, ४२, वाचतात आणि घाबरतात. तू शेपूट वाच. शेपटात छेद ७ आहे, म्हणजे घराणं सातचं. मग ४२ म्हणजे तीन चौदा, म्हणून ३/७. शेपटात ११ असेल तर अकराचं घराणं, ९ १/११ टक्के म्हणजे १/११. शेपटात पाव, अर्धा, पाऊण असेल तर आठ किंवा सोळा, म्हणजे आण्यांचं घराणं. शेपटात ३ असेल तेव्हा मात्र सावध राहायचं, कारण ३, ६, १२, १५ हे चौघंही तिथे येतात: ३३ १/३, १६ २/३, ८ १/३, ६ २/३. तिथे मोठ्या आकड्याकडे बघूनच ठरवावं लागतं.

तिसऱ्या जागेकडे वळते. साखरेचा भाव १४ २/७ टक्के वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्के कमी करावा? तू १४.२८ ला ११४.२८ नं भागायला घेतलंस, अर्धा कागद भरला, १२.४९ आलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढून सोडून दिलंस. चुकलं काहीच नव्हतं. १४.२८ च्या पुढचे आकडे तू टाकून दिलेस आणि उत्तर तेवढ्यानं सरकलं. खरं उत्तर बरोबर साडेबारा आहे.

इथे टक्के विसर आणि भावाला वस्तू समज. भाव १/७ नं वाढला, म्हणजे जुना भाव ७ असेल तर नवा ८. खर्च तोच, म्हणजे वापर उलट, ८ वरून ७. आठातला एक गेला. १/८, साडेबारा टक्के. चढताना सातातला एक, उतरताना आठातला एक. ही एक गोष्ट समजली की किमान चार प्रकारची गणितं एकच होऊन जातात. खरेदीवर १/७ नफा म्हणजे विक्रीवर १/८ नफा. पगार १/५ नं कापला तर पूर्ववत व्हायला १/४ नं वाढवावा लागतो, कारण आता तो चारवरून पाचवर चढायचा आहे. अंश एक नसला तरी हेच. भाव ४२ ६/७ टक्के वाढला, म्हणजे ३/७, म्हणजे ७ वरून १०. उतरताना दहातले तीन, ३० टक्के. अंश तोच राहतो, फक्त छेद बदलतो, कारण आधार बदललेला असतो.

तक्ता पाठ असणारी मुलंही जिथे हमखास पडतात ती जागा ही, आधार. टक्के कशाचे, हे न बघता वजाबाकी करतात. तू तासगावकडची आहेस, म्हणून तुझ्या घरच्या मालावरचं गणित घेते. ताज्या द्राक्षात ८० टक्के पाणी आहे, बेदाण्यात १६ २/३ टक्के पाणी आहे. ५०० किलो द्राक्षांचा बेदाणा किती होईल?

घाईत मुलं म्हणतात, ८० मधून १६.६७ गेले, ६३.३३ टक्के पाणी उडालं, राहिले ३६.६७ टक्के, म्हणजे १८३ किलो. पर्यायांत १८३ ठेवलेलं असतंच, पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते. पण तू रॅकवर बेदाणा वाळताना पाहिला असशील. साधारण चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. ५०० किलोचा १८३ किलो कसा निघेल? चूक ही की ८० टक्के द्राक्षाचे आहेत आणि १६ २/३ टक्के बेदाण्याचे. दोन वेगळ्या गोष्टींचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत.

मग न बदलणारी गोष्ट पकड. वाळताना पाणी जातं, गर जात नाही. द्राक्षात पाणी ४/५, म्हणून गर १/५. ५०० चा पाचवा भाग १०० किलो गर. बेदाण्यात पाणी १/६, म्हणून गर ५/६. आता १०० किलो म्हणजे बेदाण्याचे सहातले पाच भाग. एक भाग २० किलो, सहा भाग १२० किलो. उत्तर १२०. चाराला एक हा आपला घरचा अंदाजही जवळपास जुळला. हेच तू ८३.३३ नं भागत गेलीस तर १२०.००४ असलं काहीतरी येईल आणि पुन्हा बाजूला प्रश्नचिन्ह काढशील.

वर्गांकडे येते. ५० पर्यंतचे वर्ग भिंतीवर आहेत, ते २५ पर्यंत आण. २६ ते ७५ चे सगळे वर्ग ५० पासूनच्या अंतरावरून निघतात. ४८ घे. ५० पासून अंतर २. पंचवीसमधून २ वजा, २३. पुढे दोनचा वर्ग दोन आकड्यांत, ०४. झाले २३०४. ५३ असेल तर अंतर ३ आणि वरच्या बाजूला, म्हणून पंचवीसमध्ये ३ मिळव, २८, पुढे ०९, २८०९. अंतर मोठं असलं की हातचा येतो, एवढंच. ३८ चं अंतर १२: पंचवीसमधून बारा गेले, १३, पुढे १४४. त्यातला १ डावीकडे गेला, १४४४. हे का होतं, तर ५० चा वर्ग २५०० आणि ५० ची दुप्पट बरोबर १००, म्हणून अंतर थेट शेकड्यात मिळवता किंवा वजा करता येतं. ७५ च्या वरती १०० पासूनचं अंतर धर. ९३ चं अंतर ७, ९३ मधून ७ गेले ८६, पुढे ४९, ८६४९. तेव्हा २५ वर्ग पाठ असले की शंभरापर्यंतचे सगळे हाताशी आहेत. ४६ गुणिले ५४ असा गुणाकार आला तर तोही वर्गच: दोन्ही ५० पासून चार अंतरावर, म्हणून २५०० वजा १६, २४८४.

पण वर्ग आणि टक्के या दोन तक्त्यांची खरी गाठ पडते ती चक्रवाढ व्याजात, आणि तुझ्या फोटोत नेमकं ते गणित कोरं सोडलंय. द. सा. द. शे. साडेबारा दरानं दोन वर्षांच्या सरळव्याजात आणि चक्रवाढ व्याजात १५० रुपयांचा फरक आहे, मुद्दल किती?

सूत्र बाजूला ठेव आणि तो फरक कुठून आला ते बघ. पहिल्या वर्षी दोन्हीकडे व्याज सारखंच, मुद्दलाचा आठवा भाग. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत त्या व्याजावर व्याज चढतं, म्हणजे आठव्या भागाचा आठवा भाग. फरक फक्त तेवढाच. आठचा वर्ग ६४, म्हणून फरक म्हणजे मुद्दलाचा ६४ वा भाग. १५० गुणिले ६४, मुद्दल ९६००. रास विचारली तर? आठाचे नऊ, पुन्हा आठाचे नऊ, म्हणजे ६४ चे ८१. एक भाग १५०, म्हणून १५० गुणिले ८१, १२१५०. पडताळून बघ: दोन वर्षांचं सरळव्याज २४००, चक्रवाढ २५५०, फरक १५०. ८ १/३ टक्के दर असेल तर फरक १४४ वा भाग, ६ १/४ असेल तर २५६ वा. १२ आणि १६ चे वर्ग तू रोज म्हणतेसच, पण ते इथे लागतात हे त्या भिंतीवर लिहिलेलं नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तक्ता हाती आल्यावर मुलं तो जिथे तिथे चालवतात. अंदाजे किंमत काढा असा प्रश्न येतो: ४१९.८९ चे ५६.९८ टक्के. तुला ५७ दिसताच ४/७ आठवेल, ४२० चे ४/७ म्हणजे २४०. पर्याय २१०, २२५, २४०, २५५ असतील तर खुशाल २४० टिकव. पण प्रश्न 'अंदाजे' नसून '४२० चे ५७ टक्के' असा नेमका असेल आणि पर्यायांत २३९.४ व २४० दोन्ही असतील तर तो सापळा आहे, उत्तर २३९.४ आहे. ५७ आणि ५७.१४ मध्ये ४०० मागे एकाचा फरक पडतो. म्हणून आधी पर्याय वाचायचे. ते एकमेकांपासून लांब असतील तर तक्ता, अगदी चिकटून असतील तर नेमकं गणित. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तेव्हा तिथे घाई परवडत नाही.

आणि सारणीच्या प्रश्नांत, डीआयमध्ये, आकडे तक्त्यावर नेमके बसत नाहीतच. ६६५ पैकी २४७ म्हणजे किती टक्के? भागाकार मांडू नकोस. तक्त्यातला जवळचा मैलाचा दगड शोध. ६६५ चा तिसरा भाग साधारण २२२, २४७ त्याहून बराच वर. तीन अष्टमांश बघू: आठवा भाग ८३ आणि थोडा, तिप्पट जवळपास २४९.४. आपला आकडा त्याहून २.४ नं कमी. ६६५ चा एक टक्का ६.६५, म्हणजे आपण एका टक्क्याच्या साधारण तिसऱ्या भागानं मागे आहोत. साडेसदतीसमधून तेवढं कमी, ३७.१ च्या आसपास. खरं उत्तर ३७.१४ आहे. पर्यायांतून निवडायला एवढं पुरतं. तक्त्याचा अर्धा उपयोग तर असाच आहे, अचूक जुळणी सापडली नाही तरी कुठे उभे आहोत ते कळतं.

२३ टक्के, ३२ टक्के असले आकडे आले तर त्यांना ओढून तक्त्यात बसवू नकोस. ४५० चे २३ टक्के म्हणजे पाव वजा दोन टक्के, एकशे साडेबारा वजा ९, १०३.५. ७५ चे ३२ टक्के उलटे कर, ३२ चे ७५ टक्के, पाऊणपट, २४.

आता सराव कसा करायचा ते. भिंतीवरचा तक्ता उतरव. जुन्या वहीचे पुठ्ठे कापून चाळीसेक चिठ्ठ्या कर. एका बाजूला टक्के लिही, पेपरात छापतात तसेच: ४२ ६/७, ६२.५, ८ १/३, ७१ ३/७. मागच्या बाजूला अपूर्णांक आणि त्याच्याखाली चढताना-उतरतानाची जोडी, जसं ३/७, ७→१०, ३/१०. चिठ्ठ्या पिसून घ्यायच्या, एक उचलायची, दोन मोजेपर्यंत अपूर्णांक तोंडून आला तर उजवीकडे, नाही आला तर डावीकडे. संध्याकाळी फक्त डावीकडचा गठ्ठा घ्यायचा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी पाच, याहून जास्त नाही. पाच-सहा दिवसांत तुझ्या लक्षात येईल की डावीकडे त्याच त्या सहा-सात चिठ्ठ्या पडतायत. बहुधा त्यात ५/७, ५/१२ (४१ २/३), ७/१६ (४३ ३/४) असतील. मेहनत त्यांच्यावरच घे.

दुसरं, जुन्या पेपरातली पन्नास गणितं घे आणि ती सोडवू नकोस. प्रत्येक प्रश्न वाचायचा, त्यातल्या टक्क्यांच्या डोक्यावर अपूर्णांक लिहायचा आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. उत्तर काढायचंच नाही. सुरुवातीला हे अर्धवट सोडल्यासारखं वाटून हात शिवशिवतील, पण पेनाला गुणाकाराची लागलेली सवय मोडायला मला यासारखं दुसरं काही सापडलेलं नाही. तीन दिवस हे केल्यावर मगच पूर्ण गणितांना लाग.

आणि मॉकचे गुण सध्या बघू नकोस, ते सुरुवातीला एखाद-दोन गुणांनी खालीही येतील, कारण नवी पद्धत हातात बसेपर्यंत वेग पडतो. त्याऐवजी मॉक झाल्यावर कच्चा कागद घे आणि त्यावर किती दशांश चिन्हं आहेत ती लाल पेनानं गोल करून मोज. तू पाठवलेल्या फोटोत मला २६ सापडली. त्यातली सरासरीच्या गणितातली चार सोडली तर बाकी २२ टक्क्यांची होती आणि त्यांपैकी एकही लागत नव्हतं. तीन आठवड्यांनी मॉक देशील तेव्हा तो कागदही पाठव, मी चिन्हं मोजून कळवीन.